बरोबर उत्तराची शिक्षा

दिवाणी न्यायाधीशाच्या पूर्वपरीक्षेसाठी मी एक 'अॅडाप्टिव्ह' सराव चाचणी देतो. तिचा स्वभाव खाष्ट सासूसारखा आहे. उत्तर बरोबर आलं की शाबासकी नाही, पुढचा प्रश्न अधिक अवघड.

सुरुवात गोड होते. हातउसन्या पैशांच्या दाव्याची मुदत किती? तीन वर्षं, पैसे दिल्या तारखेपासून. बरोबर! लगेच पुढचा: पैसे दिले 10 जून 2022 ला. परतफेडीची तारीख ठरलेली नाही. 12 जून 2025 ला ऋणकोने सहीनिशी लिहून दिलं, 'तुमचे पैसे देणे बाकी आहे.' आता दावा चालेल का?

मी ऐटीत 'होय, मुदत कायद्याचं कलम 18, लेखी कबुलीने नवी मुदत' वर टिचकी मारली. पडदा लाल झाला. मुदत 10 जूनलाच संपली होती. कलम 18 ची कबुली मुदत जिवंत असताना द्यावी लागते, मेलेली मुदत तिने उठून बसत नाही. एवढ्यावर सुटका नाही. मी ज्याच्याकडे बघितलंही नव्हतं, तो 'कलम 5 खाली विलंब माफ होईल' हा पर्यायही का चूक, ते वाचायचं: कलम 5 अपिलांना आणि अर्जांना लागतं, दाव्याला नाही. मग कलम 4: ते शेवटच्या दिवशी न्यायालय बंद असेल तरच. सगळं वाचल्याशिवाय 'पुढे'चं बटण उजळत नाही.

पुढे तोच ऋणको, तीच तारीख, पण चिठ्ठीत आता 'तुमचे पैसे देईन'. मी शहाणा झालो होतो. मुदतबाह्य! पुन्हा लाल. ही नुसती कबुली नाही, वचन आहे. मुदत कायदा सोडा, करार कायद्याचं कलम 25(3) बघा: मुदतबाह्य कर्ज फेडण्याचं लेखी, सहीचं वचन बंधनकारक असतं. म्हणजे 'बाकी आहे' लिहिणारा सुटला आणि 'देईन' लिहिणारा अडकला. माझ्याकडून पैसे नेलेल्या मित्रांना हा फरक उपजत कळतो, असा माझा अनुभव आहे.

एकदा वैतागून मुद्दाम चुकीची उत्तरं दिली. प्रश्न खरंच सोपे झाले, पण प्रत्येक चुकीमागे तीन-तीन स्पष्टीकरणं वाचता वाचता अवघड प्रश्न परवडले.

खरी पंचाईत घरात होते. जमलं की अवघड, चुकलं की सोपं, त्यामुळे गाडी निम्म्या बरोबर उत्तरांच्या आसपासच घुटमळते. अभ्यास वाढला की प्रश्नांची पातळी वाढते, टक्के तिथेच. खऱ्या परीक्षेत सगळ्यांना एकच प्रश्नपत्रिका असते, तिथे हा खेळ नाही, हे मी वडिलांना समजावून सांगितलं.

"म्हणजे महिनाभर अभ्यास करून पन्नास टक्के?"

"पण पप्पा, अवघड पन्नास टक्के."

"हे सहीनिशी लिहून दे," ते म्हणाले. "आणि 'पास होईन' असं लिही. 'पास होणे बाकी आहे' चालणार नाही."