फिरायचा गजर सहाला नको, सूर्यास्ताला बांधा

संध्याकाळी फिरायला जाणाऱ्यांनी रोज ठरलेल्या वेळेचा गजर लावू नये, असं माझं ठाम मत आहे. पुण्यात सप्टेंबरच्या सुरुवातीला सूर्य ६:४९ च्या सुमारास मावळतो, ऑक्टोबर संपता संपता ६:०२ ला. गणपतीच्या दिवसांत छान उजेडात होणारी टेकडीची फेरी दिवाळीत त्याच वेळेला काळोखात जाते आणि उतारावरची सुटी खडी दिसेनाशी होते.

मावळल्यावर आपल्याकडे कामापुरता उजेड राहतो जेमतेम वीस-बावीस मिनिटं. म्हणून माझी आठवण सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी वाजते. पाऊण तासात फेरी आटपते, परतल्यावर देवापाशी दिवा. आयफोनवर Shortcuts मध्ये Automation, मग Time of Day, तिथे Sunset निवडलं की किती आधी वाजवायचं ते विचारतो.

काही जण म्हणतात, एवढं कशाला, महिन्यातून एकदा हाताने वेळ बदलू, डिसेंबरचा सर्वात लहान दिवस सरला की उलटं मोजू. इथेच गंमत आहे. पुण्यात सूर्य सर्वात लवकर मावळतो तो नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, ५:५६ च्या आसपास. २१ डिसेंबरला तर सूर्यास्त ६:०३ वर गेलेला असतो. सकाळचं याच्या उलट: त्या दिवशी सूर्योदय ७:०२ चा, पण संक्रांत येईपर्यंत तो ७:१० वर सरकतो. दिवस मोठा व्हायला लागला तरी सकाळ उशिराच होत राहते. कारण त्या दिवसांत एका माध्यान्हापासून दुसऱ्या माध्यान्हापर्यंत चोवीस तासांपेक्षा अर्ध्या मिनिटाच्या आसपास जास्त लागतात. पृथ्वीचा आस कललेला आणि तेव्हा ती सूर्याच्या जवळ असल्यामुळे वेगात, दोन्हींचा हा परिणाम. रोजचं अर्धं मिनिट साचत जातं आणि उगवणं-मावळणं दोन्ही पुढे ढकललं जातं. ही आकडेमोड कुणी डोक्यात ठेवायची?

गावही तपासा. नोव्हेंबरअखेर नागपुरात सूर्यास्त ५:३१ लाच होतो, पुण्याच्या पंचवीस मिनिटं आधी. ॲपला लोकेशनची परवानगी नसेल तर ते जुन्याच गावाची वेळ धरून बसतं. नागपूरला आईकडे गेल्यावर आठवण वाजेपर्यंत सूर्य बुडायला आला असेल, तर समजा तसंच झालंय.

सकाळच्या ध्यानाला मात्र मी हा नियम जसाच्या तसा लावत नाही. जानेवारीत सव्वासातला डोळे मिटून बसलं तर मुलांच्या डब्याचं काय? ऑक्टोबरच्या शेवटापासून मार्चअखेरपर्यंत इथे सूर्य साडेसहानंतरच उगवतो. तेवढे महिने सूर्योदयाची आठवण बंद आणि साधा साडेसहाचा गजर चालू. घरातल्यांना हेच सोयीचं पडतं.