मेलमधला मुद्दा क्रमांक 6

आज दुपारी संपादक साहेबांचा मेल आला. सगळ्या वार्ताहरांना आणि जिल्हा प्रतिनिधींना. विषय काय, तर एआयनिर्मित चित्रांना लेबल लावण्याचे नियम. तालुक्याला बसून मेल कोण उघडतंय म्हणून ब्युरो चीफने त्याचे स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकले आणि खाली लगेच अंगठ्यांची रांग लागली. एकानेही पूर्ण वाचला नसणार, पैज लावतो. मी वाचला आणि तेव्हापासून डोकं तापलंय, म्हणून इथे लिहितोय.

आधी चांगलं ते सांगतो, नाहीतर म्हणाल हा नुसता बोंबलतो. संगणकाने बनवलेल्या चित्रावरचं लेबल फोटो ओळीत नको, चित्राच्या आतच हवं, असं साहेबांनी लिहिलंय. हे शंभर टक्के बरोबर. फोटो ओळ बारीक टायपात असते, ई-पेपरचं कात्रण व्हॉट्सॲपवर फिरताना पहिली तीच कापली जाते. फाइलच्या आत मेटाडेटामध्ये लिहून ठेवलं तरी उपयोग नाही, व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून टाकला की तो बहुतेक वेळा उडतोच. लेबलला चित्राची 10 टक्के जागा द्या म्हणतात, ऑक्टोबर 2025 मध्ये सरकारच्या मसुद्यात होती तीच भाषा. असू दे. गुन्हा, अपघात, पूर, आंदोलन, निवडणूक या बातम्यांना बनवलेलं चित्र लेबल लावूनही चालणार नाही. आणि त्यावर ‘प्रतीकात्मक छायाचित्र’ लिहून वेळ मारून न्यायची नाही. वा. इथपर्यंत मी पण अंगठा द्यायला तयार होतो.

मग आला मुद्दा क्रमांक 6. ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, क्रॉप आणि ‘स्पष्टता वाढवणे’ यासाठी लेबलची गरज नाही. झालं. सगळ्या नियमांना इथेच भोक पाडून ठेवलं. अहो, आमच्याकडे संपूर्ण चित्र बनवून बातमीला लावणारे किती असतील? हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. रोज रात्री सर्रास काय चालतं, तर ‘फोटो जरा क्लिअर करून घे रे’.

गेल्या गाळपाच्या वेळची गोष्ट. ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरला मागून दुचाकी धडकली, ट्रॉलीला रिफ्लेक्टर नाही, टेललाइट नाही, एक तरुण पोरगा जागेवर गेला. घरच्यांकडे फोटो मागणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात वाईट काम. चुलत्यांनी लग्नातला एक ग्रुप फोटो पाठवला, दहा व्हॉट्सॲपवरून फिरून आलेला, त्यात हा मागच्या रांगेत. मी आला तसा पुढे पाठवला आणि लहान आहे, जपून वापरा, असं लिहिलं. डेस्कवर कुणीतरी चेहरा कापला, ॲपमध्ये टाकला, एकदम चकाचक करून पानावर लावला. सकाळी चुलत्यांचा फोन. ‘आहो पत्रकार, हा कुणाचा फोटो लावलाय? वहिनी म्हणतात हा आमचा पोरगा न्हाई.’

मी कात्रण हातात धरून दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघितले. पोराच्या डाव्या भुवईत लहानपणीचा व्रण होता, भुवई तिथे तुटलेली. पेपरात भुवई अखंड. पुढचा एक दात वाकडा होता, पेपरात सगळे सरळ. रंग दोन शेड उजळ. पेपरातला पोरगा दिसायला छान होता. तो कुणीच नव्हता.

असं का होतं ते सोपं आहे. त्या फोटोत त्याचा चेहरा फार तर चाळीस-पन्नास पिक्सेल रुंदीचा. तेवढ्यात भुवईतला व्रण म्हणजे एखाददुसरा फिकट ठिपका. ॲपला हा पोरगा माहीत नाही, त्याला फक्त बघितलेले हजारो चेहरे माहीत आहेत, म्हणून जिथे माहिती नाही तिथे तो त्यांच्यातला ‘साधारण असा असावा’ असा डोळा, दात, कातडी भरतो. ठिपका त्याला घाण वाटतो, पुसून टाकतो. ब्राइटनेस वाढवला की आहे तेच उजळतं. इथे नव्हतं ते आलं. ही दोन कामं साहेबांनी एकाच ओळीत, एकाच स्वल्पविरामाने बसवलीत!

2020 मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या PULSE नावाच्या प्रोग्रॅमला ओबामांचा चौकड्या-चौकड्यांचा अंधुक फोटो दिला तर त्यातून गोरा माणूस बाहेर आला होता, तेव्हा सगळं जग हसलं होतं. ओबामांना सगळे ओळखतात म्हणून चूक दिसली तरी. आमच्या तालुक्यातल्या पोराला कोण ओळखणार, त्याची आईच. आणि 28 मे 2023 ला दिल्लीत विनेश आणि संगीता फोगाटचा पोलिसांच्या गाडीतला सेल्फी आठवतो ना? फोटो खरा, गाडी खरी, फक्त चेहऱ्यांवर हसू चिकटवलं आणि पोरी मजा करतायत म्हणून फिरवला. तिथे तर डाव होता, आमच्या डेस्कवर डाव नसतो, घाई असते. पण अख्खं चित्र कुठे बनवावं लागलं? चेहरा तेवढा बदलला की पुरे.

बरं, डेस्कची बाजू पण आहे, अंधुक फोटो छापला की सकाळच्या मीटिंगमध्ये त्यांचीच पूजा होते आणि पान वेळेत सोडायचं असतं. मान्य. पण म्हणून आईने पोरगा ओळखू नये?

ओळखायचं कसं म्हणाल तर जवळून बघा. चेहरा काचेसारखा स्वच्छ आणि शर्टाची कॉलर पिठासारखी अंधुक, असं एकाच फोटोत असेल तर समजा चेहऱ्यावर हात फिरलाय. केस एकेक सुटे पण कान अर्धवट, तरी तेच. आणि मूळ फोटो शेजारी ठेवल्याशिवाय सही करायची नाही. तीळ, व्रण, दात, बस, तेवढं बघायला मिनिट लागतं.

आता जरा शांत झालोय, चहा घेऊन आलो. साहेब माणूस वाईट नाही, बाकीचे मुद्दे विचार करून लिहिलेत हे दिसतं. पण त्या मेलमध्ये वार्ताहराने काय करायचं याच्या ओळीच ओळी आहेत. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, कुणी काढला लिहा, कधी काढला लिहा. लिहू की! डेस्कने काय करायचं याची एक ओळ नाही. चेहरा बदलला डेस्कवर आणि दारात उभा राहिलो मी. त्या माउलीला ते कात्रण जपून ठेवायचं होतं हो. पोराचं नाव पेपरात आयुष्यात एकदाच आलं आणि त्या नावाखाली भलताच माणूस.

आणि उपाय काही अवघड नव्हता. पेपरात दोन सेंटिमीटर रुंदीचा फोटो छापायला साधारण दीडशे पिक्सेल पुरतात. लग्नाच्या फोटोग्राफरकडे मूळ फाइल असते, त्यात मागच्या रांगेतला चेहरा पण तेवढा निघतो. मी नंतर त्याच्याकडूनच फोटो मागवला आणि प्रिंट काढून त्यांच्या घरी नेऊन दिली. रात्री डेस्कने मला एक फोन केला असता तरी झालं असतं. नाहीच मिळाला तर आहे तो अंधुक फोटो छोटा करून छापा. तोही नको तर नुसतं नाव छापा.

मेलला रिप्लाय टाकलाय, सगळ्यांना दिसेल असा. मुद्दा 6 चे दोन भाग करा. सगळ्या फोटोचा उजेड कमी-जास्त करणं आणि कापणं, लेबल नको. चेहऱ्यात एक पिक्सेलही नवीन भरणारं काहीही, लेबल लावून सुद्धा नको, बंद. ब्युरो चीफचे दोन मिस्ड कॉल येऊन गेलेत. जेवून करतो. डेस्कवरचे जे मित्र हे वाचतायत त्यांनी मला इनबॉक्समध्ये समजावू नका, इथे खाली सगळ्यांसमोर भांडा.