बाप दुबईत आणि भेट दुसऱ्या-चौथ्या शनिवारी?

संमतीने घटस्फोटाच्या अर्जाचा मसुदा परवा वकिलांनी हातात ठेवला आणि माझं डोकंच फिरलं. आठ वर्षांच्या मुलीचा ताबा माझ्याकडे, बापाला 'महिन्याच्या दुसऱ्या व चौथ्या शनिवारी अकरा ते पाच' भेट. अहो, तो दुबईला नोकरीला चाललाय! अर्जात वर तसं लिहिलंय आणि खाली कुठल्यातरी जुन्या केसमधला शनिवार उचलून चिकटवलाय. विचारलं तर म्हणतात, "सुट्टीत परस्पर संमतीने भेट, असंही आहे ना! ठरवा तुमचं तुम्ही."

आमचं आमच्यात ठरत असतं तर तुमच्याकडे कशाला आलो असतो?

सुट्टी म्हणजे कुठली, ते लिहा ना. त्याच्या घरी मालवणात गणपती, माझ्या माहेरी सावंतवाडीत गणपती. सम वर्षी चतुर्थी तिकडे, विषम वर्षी इकडे, आणि पोरीला कितव्या दिवशी परत आणून सोडायचं, हे कागदावर नसेल तर दरवर्षी आरतीच्या वेळी फोनवर भांडणं होणार. ती ऐकणार कोण? पोर!

'वाजवी वेळी व्हिडिओ कॉल' म्हणे. दुबईचं घड्याळ आपल्यामागे दीड तास. तो कामावरून साडेसातला खोलीवर पोचला की इथे नऊ वाजलेले, मुलगी पेंगत असते. म्हणून बुधवारी त्याने सुटल्या सुटल्या साडेसहाला, म्हणजे आपल्या आठला फोन करायचा, आणि रविवारी सकाळी आपल्या साडेदहाला. चुकला तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळी. एवढं लिहायला दोन ओळी लागतात. तिला बाप हवाय आणि मलाही तो तिच्यापासून तोडायचा नाही, म्हणून तर जीव तुटतो.

मे महिन्यात तिला तिकडे न्यायचं झालं तर? पासपोर्ट कुणाकडे राहणार, तिकीट कोण काढणार, परतीचं तिकीट निघायच्या किती दिवस आधी मला दाखवायचं, यावर मसुद्यात चकार शब्द नाही. मुलांना परदेशात अडकवून ठेवण्याविरुद्धचा 1980 चा हेग करार आहे, त्यात भारत नाही. उद्या ती वेळेवर परत आली नाही तर त्या करारावर बोट ठेवून तिला आणता येणार नाही. म्हणून न्यायालयाची परवानगी, परतीची तारीख आणि त्याचं लेखी हमीपत्र आधीच हवं.

यावर वकिलांचं उत्तर, "नंतर बदलून घेता येतं." येतं, हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली येतं. पण त्यासाठी नवा अर्ज, दुबईच्या पत्त्यावर नोटीस, मग तारखा. तोवर पोरीची मे महिन्याची सुट्टी संपलेली असेल.