म्हाका पाव जाय

फोंड्याच्या एका गृहस्थांनी आपल्या आजीच्या आठवणी इंग्रजीत लिहिल्या आणि मराठी करायला माझ्याकडे आणून दिल्या. अट एकच: "आजीचीं उतरां बदलूं नाकात. कोंकणी ती कोंकणीच, पोर्तुगीज ते पोर्तुगीज. नावंही तशीच." मी मनात खूश. जे भाषांतर करायचंच नाही, त्याचेसुद्धा शब्दांवर पैसे!

पण इंग्रजीत आजी रोमन लिपीत बोलत होती. तिथे `xit` म्हणजे शीत, कारण पोर्तुगीज वळणाच्या लेखनात एक्स हा श असतो. टाइप करणाऱ्या मुलाने त्याचं 'झिट' केलं. मी 'शीत-कडी' असं दुरुस्त करून पाठवलं, तर पुण्याच्या मुद्रितशोधक ताईंनी त्याची 'थंड कढी' केली. आजीचा बिचारा गरम भात!

नावांचं तर विचारूच नका. जमिनीच्या जुन्या कागदात कुटुंबाचं आडनाव `Quenim`, पुढच्या पानावर मुंबईच्या नातवाचं `Keni`. शेवटचा एम नुसता नाकात म्हणायचा. 'नाव मुळातलंच ठेवा' खरं, पण मूळ कुठलं? घरात सगळे केणीच म्हणत. क्यू तर कारकुनाचा. शेवटी निवेदनात सगळीकडे केणी केलं, आणि कागदातला उतारा दिला तिथे रोमन स्पेलिंग अक्षरशः ठेवलं. ताईंनी विचारलं, "ही दोन कुटुंबं का हो?"

खरा घात पुढेच होता. पहाटे पोदेर सायकलचा भोंगा वाजवत येतो आणि आजी दारातून ओरडते, "म्हाका पाव जाय!" म्हणजे मला पाव हवा. पानावर ते सरळ देवनागरीत, आजूबाजूला मराठी. परकं वाटावं असं त्यात काहीच नाही. वाटते ती फक्त चूक. पोर्तुगीज शब्दाला कुणी हात लावत नाही, कोंकणी मात्र सगळ्यांना अशुद्ध मराठी वाटते. ताईंनी ती शुद्ध केली. पोदेरापुढे हात जोडून आजी म्हणाली, "मला पाव, जा!"

(हात जोडणं माझ्या पदरचं. बाकी छापील.)

मग मी फाइल रंगवायला बसलो. कोंकणी निळी, पोर्तुगीज लाल, नावं हिरवी. निळ्याला हात लावायचा नाही. अर्थ कंसात न देता पुढच्याच वाक्यात पोदेराने टोपलीतले चार पाव काढून दिले, म्हणजे वाचकाला कळलं. दोन दिवसांत पानांची रांगोळी झाली. ताईंनीही नेम पाळला.

शेवटचं प्रूफ आलं. संध्याकाळची वेळ, आजी दिवा लावते. आमच्याकडे भांडण कोंकणीत, आरती मराठीत, त्यामुळे ती म्हणते, "देवा, मला पाव." हे मी काळंच ठेवलं होतं. ताईंनी ते निळं करून समासात लिहिलं होतं: "इथे 'म्हाका' हवं ना? आणि पोदेर संध्याकाळीही येतो का?"