ब्लू नॉइजने नॉइज कमी होत नाही, त्याची मांडणी बदलते

"रँडम फंक्शन काढा, ब्लू नॉइज टेक्श्चर लावा. एका सँपलमध्ये सोळा सँपलची इमेज मिळते. एकच टेक्श्चर सगळीकडे चालतं, दर फ्रेमला थोडं सरकवलं की झालं. डिदरिंगलाही हेच वापरा."

सोलापुरात ग्राफिक्स शिकणाऱ्या पोरांच्या ग्रुपवर हे फिरतंय. ब्लू नॉइज म्हणजे शेजारचे आकडे एकमेकांपासून दूर राहतील अशी रँडम आकड्यांची मांडणी. माझ्या पुतणीनेही सिद्धेश्वर मंदिराच्या सीनमध्ये ते जसंच्या तसं उतरवलं, म्हणून आता लिहावंच लागतंय.

सगळ्यात मोठं नुकसान करतं ते "एकच टेक्श्चर". चौकोनी लाइटवर बिंदू निवडायला u आणि v असे दोन आकडे लागतात. दोन्ही एकाच टेक्सेलमधून वाचले की u = v होतं आणि सगळे किरण लाइटच्या कर्णावरच जातात. चौकोनी दिवा तिरक्या ट्यूबलाइटसारखा वागतो: खांबाची जी कड कर्णाला समांतर, तिची सावली धारदार, जी आडवी, तिची मऊ. हा नॉइज नाही, चूक आहे. हजार फ्रेमची सरासरी घ्या, व्हाइट नॉइजच्या, म्हणजे साध्या रँडम आकड्यांच्या, तशाच सरासरीशी ताडून पाहा. फरक जात नाही.

v साठी तेच टेक्श्चर लांबच्या जागी वाचा. फ्रेमगणिक टेक्श्चर मनाला येईल तसं सरकवू नका, त्याने प्रत्येक पिक्सेलला काळाच्या दिशेने पुन्हा व्हाइट नॉइजच मिळतो. त्याऐवजी आकड्यात ठरावीक भर घाला. u आणि v ला भर वेगवेगळी हवी. सारखी दिली तर पिक्सेलचे बिंदू पुन्हा एका तिरक्या रेषेतच अडकतात.

```
u = fract(blue(p & 63) + 0.7548777 * n);
v = fract(blue((p + ivec2(37, 17)) & 63) + 0.5698403 * n);
```

इथे टेक्श्चर 64×64 चं आणि n म्हणजे फ्रेमचा क्रमांक.

आता सोळा सँपलचं. अर्ध्या सावलीतल्या पिक्सेलला एका सँपलमध्ये 0 किंवा 1 मिळतं, म्हणजे चूक 0.5, नॉइज कुठलाही असो. 4×4 पिक्सेलची सरासरी घेतली की व्हाइट नॉइजमध्ये ती 0.125 वर येते. ब्लू नॉइजमध्ये शेजारचे आकडे एकमेकांपासून दूर असल्याने ती त्याहूनही खाली जाते. लांबून पाहणाऱ्या डोळ्याला किंवा पुढच्या ब्लरला इमेज स्वच्छ वाटते, इतकं मान्य. जॉर्जिएव आणि फाहार्दो यांनी 2016 मध्ये सिग्राफला मांडलं तेही हेच: पिक्सेलमधली चूक पडद्यावर नीट पसरवणं. डायमेन्शन, म्हणजे एका सँपलला लागणारे आकडे, वाढले की हा फायदा ओसरतो, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या बाउन्सला त्याचा आग्रह धरू नका.

डिदरिंगचं बरोबर आहे. आकाशाच्या ग्रेडियंटवरचे पट्टे जातात, फक्त नॉइजची भर गॅमानंतर आणि 8 बिटला राउंड करण्याआधी घाला. आणि दोन्हीकडे टेक्श्चर निअरेस्ट फिल्टरने, एसआरजीबी आणि मिपमॅप बंद ठेवून वाचा. बायलिनिअर ठेवलं तर शेजारचे विरुद्ध आकडे मिसळून सगळं 0.5 च्या आसपास गोळा होतं.