सात वर्षं न हललेला गिअरबॉक्स: एका प्रतिक्रियेला उत्तर

"लेख वाचला, पटला नाही. आमच्या स्टोअरमध्ये एक गिअरबॉक्स ७ वर्षं इश्यूच झालेला नाही, तरी मेंटेनन्सवाले सोडायला तयार नाहीत. त्यांना विचारलं तर सगळंच क्रिटिकल! व्हेंडर म्हणतो आठवड्यात देतो, वर व्हायब्रेशन मॉनिटरिंगपण आहे. मग पैसे का अडकवायचे? माझ्या मते ३ वर्षं हललं नाही की काढून टाकावं. तुमच्यासारख्यांच्या लेखांमुळे स्टोअरचं गोदाम होतं."

नमस्कार, नुसतं हललं नाही म्हणून महत्त्वाचा स्पेअर काढू नये या माझ्या लेखावर इतकं स्पष्ट लिहिलंत ते बरं झालं. तुमच्या मुद्द्यांपैकी एक तर मला पूर्ण मान्य आहे, त्यावर खाली येतोच, पण ३ वर्षांचा नियम मात्र मला धोक्याचा वाटतो आणि का ते तुमच्याच गिअरबॉक्सवर सांगतो.

एफएसएन अ‍ॅनालिसिस म्हणजे फास्ट, स्लो, नॉन-मूव्हिंग हे वर्गीकरण वस्तू किती वेळा इश्यू झाली, म्हणजे स्टोअरमधून वापरायला बाहेर गेली, एवढंच बघतं, आणि तुमचा ३ वर्षांचा नियम त्यातूनच येतो. बेल्ट, फिल्टर, नटबोल्ट, नेहमीच्या बेअरिंग यांच्यासाठी ते उत्तम आहे. पण इन्शुरन्स स्पेअर, म्हणजे विम्यासारखा अडीअडचणीसाठी ठेवलेला सुटा भाग, आपण ठेवतोच अशा गोष्टीचा की जी क्वचित मोडते, म्हणजे ती न हलणं हे तिचं रोजचं काम झालं. थोडं गणित करू. समजा एकाच मेकचे, एकाच रेशोचे ३ गिअरबॉक्स प्लांटमध्ये बसवलेले आहेत आणि प्रत्येक साधारण १५ वर्षांत एकदा बदलण्याइतका खराब होतो. म्हणजे तिघांत मिळून सरासरी ५ वर्षांतून एकदा स्टोअरकडे मागणी येणार. आता ब्रेकडाउन कधीही येऊ शकतात असं धरलं तर सलग ७ वर्षं एकही मागणी न येण्याची शक्यता किती असेल? जवळजवळ २५ टक्के! म्हणजे खरोखर गरजेच्या अशा ४ स्पेअरपैकी १ स्पेअर तुमच्या रिपोर्टमध्ये ७ वर्षं नॉन-मूव्हिंग म्हणून लाल दिसणारच, आणि ३ वर्षांचा नियम लावला तर निम्म्याहून जास्त दिसतील. त्यामुळं बिन कार्डवर, म्हणजे रॅकवरच्या आवक-जावक नोंदीच्या कार्डावर, ७ वर्षं एंट्री नाही यावरून तो गिअरबॉक्स लागणार नाही असं काहीच सिद्ध होत नाही.

मग ठरवायचं कशावरून? नसला तर काय होतं यावरून. गिअरबॉक्सची किंमत १ धरा. तो ठेवायचा वर्षाचा खर्च, म्हणजे अडकलेल्या पैशाचं व्याज, जागा, देखभाल, सगळं मिळून किमतीच्या २० टक्के धरू, म्हणजे वर्षाला ०.२. लाइन १ दिवस बंद राहिली तर नुकसान अर्ध्या गिअरबॉक्सइतकं. स्पेअर असला तरी बदलायला एक दिवस जातोच, तो दोन्हीकडे सारखा म्हणून सोडून देऊ. स्पेअर नसेल तर तातडीनं बेअरिंग शोधणं, गिअर बनवून घेणं, जुळवाजुळव करून लाइन कशीबशी चालू करणं यात जास्तीचे १० दिवस जातात असं धरलं तर एका ब्रेकडाउनचं नुकसान झालं ५ गिअरबॉक्सइतकं. असा ब्रेकडाउन ५ वर्षांतून एकदा, म्हणजे वर्षाला सरासरी १. एका बाजूला ०.२ आणि दुसऱ्या बाजूला १, पाचपट फरक आहे, त्यामुळं एक तर ठेवलाच पाहिजे.

आता तुमचा तो मान्य असलेला मुद्दा, की सगळंच क्रिटिकल नसतं. मेंटेनन्सवाले जर दुसरा पण मागत असतील तर याच हिशोबानं तुम्ही नाही म्हणू शकता, आणि म्हणाच. नवीन गिअरबॉक्स यायला १६ आठवडे लागतात असं धरा. पहिला स्पेअर वापरला आणि त्या १६ आठवड्यांत आणखी एक मोडला, ही शक्यता ६ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे अशी वेळ साधारण ८० वर्षांतून एकदा. नुकसान ५ चंच धरलं तरी वर्षाला ०.०६ पडतं, आणि ठेवायचा खर्च ०.२. दुसरा परवडत नाही. पण हेच गिअरबॉक्स ३ च्या जागी १२ बसवलेले असते तर उत्तर २ आलं असतं. सगळंच क्रिटिकल म्हणणाऱ्याला आणि काहीच क्रिटिकल नाही म्हणणाऱ्याला, दोघांनाही या हिशोबात आकडे भरायला लागतात, आणि मला वाटतं भांडण तिथंच बरंचसं मिटतं. शेजारी स्टँडबाय पंप उभा असेल आणि व्हॉल्व्ह फिरवला की तो चालू होत असेल तर लाइन थांबतच नाही, मग त्या पंपाचा गिअरबॉक्स किंवा मोटर कितीही महाग असो, स्पेअर ठेवायचं कारण बरंच कमी होतं. म्हणजे तोच पार्ट एका जागी क्रिटिकल असतो आणि दुसऱ्या जागी नसतो, फक्त पार्ट नंबर बघून हे कळत नाही.

व्हेंडरच्या आठवड्याबद्दल. तो खोटं बोलतो असं मी म्हणत नाही, पण आठवडा कशापासून कशापर्यंत हे त्याला लेखी विचारा. त्याच्याकडे आज तयार पडलेला असेल तर आठवडा खरा, पण तो माल त्याचा आहे, उद्या दुसऱ्या कुणी घेतला की तुमच्यासाठी तो ऑर्डर घेऊन बनवायचा आयटम होतो. लीड टाइम मोजायचा तो गिअरबॉक्स मोडल्याच्या क्षणापासून नवा बेसवर बसून लोड घेईपर्यंत. त्यात तुमची इंडेंट, कोटेशन, अप्रूव्हल, पीओ, अ‍ॅडव्हान्स, ट्रान्सपोर्ट हे सगळं आलं, आणि अप्रूव्हलचे दिवस तर तुमच्याच हातात असतात. व्हेंडर जर तुमच्या नावानं एक गिअरबॉक्स राखून ठेवायला तयार असेल आणि तसं करारात लिहून देत असेल तर मात्र तो तुमच्या स्टोअरमध्ये नसला तरी माझी काहीच हरकत नाही.

व्हायब्रेशन मॉनिटरिंग हा चांगला मुद्दा काढलात. तिथं प्रश्न एकच, इशारा किती आधी मिळतो. बेअरिंग खराब व्हायला लागली की रीडिंग हळूहळू चढतं आणि काही आठवडे हातात मिळतात. समजा ६ आठवडे मिळाले आणि लीड टाइम ४ आठवडे, तर बिनधास्त स्टॉक काढा, रीडिंग चढलं की ऑर्डर द्या. पण लीड टाइम १६ असेल तर मधले १० आठवडे तुम्ही कशाच्या जोरावर काढणार? आणि दात तुटला, किंवा जॅम होऊन शाफ्टच मोडला, तर इशारा असा मिळतच नाही. राउटिन रीडिंग महिन्यातून एकदा घेत असाल तर इशाऱ्यातून तो महिनाही वजा करायला लागतो हे लोक विसरतात.

आता ज्याच्यावर तुमच्या कॉमेंटमध्ये एक अक्षर नाही आणि जे मला सगळ्यात जास्त खटकतं ते लिहितो. तुमचा तो गिअरबॉक्स ७ वर्षं स्टोअरमध्ये आहे, पण तो आज चालेल का? मी बघितलेल्या एका प्लांटमध्ये असाच स्पेअर एअर कॉम्प्रेसरच्या भिंतीला लागून रॅकवर होता, वर्षानुवर्षं. गरज पडली, बसवला, आणि पहिल्या दिवसापासून आवाज. उघडल्यावर बेअरिंगच्या रेसवर, म्हणजे रोलर ज्या कड्यावर फिरतात त्यावर, ठरावीक अंतरानं मंद डाग दिसले, अंतर बरोबर दोन रोलरमधल्या अंतराएवढं. याला फॉल्स ब्रिनेलिंग म्हणतात. न फिरणारी बेअरिंग शेजारच्या मशीनच्या कंपनात राहिली की रोलर एकाच जागी घासत राहतो, मधली तेलाची फिल्म निघून जाते आणि रेसवर खाचा पडतात. तोवर स्टोअरच्या रेकॉर्डला सगळं व्यवस्थित, स्टॉक १, कंडिशन नवीन.

हे टाळायला फार काही लागत नाही. कंपनापासून लांब, खाली रबर पॅड टाकून, कोरड्या जागेत ठेवायचा. तेल चालवतानाच्या लेव्हलपर्यंत न भरता जवळपास पूर्ण भरायचं म्हणजे वरच्या बेअरिंग आणि गिअर उघडे राहून गंजत नाहीत, आणि ब्रीदर, म्हणजे हवा आत-बाहेर जायची झडप, काढून तिथं साधा प्लग बसवायचा म्हणजे दमट हवा आत येत नाही. पण मग त्यावर ठळक टॅग हवाच: चालवण्याआधी तेल लेव्हलला आणा, ब्रीदर परत लावा. तो टॅग नसेल तर कुणीतरी रात्री दोनला तसाच चालू करेल, तेल तापेल, आत प्रेशर होईल आणि ऑइल सील गळायला लागतील. आणि ठरावीक मुदतीनं, मॅन्युअलमध्ये दिली असेल तेवढ्या, इनपुट शाफ्ट हातानं फिरवायचा. इथं एक गंमत आहे, रेशो ४० असेल तर इनपुटचे ४० फेरे झाल्यावर आउटपुटचा एक फेरा होतो, त्यामुळं दोन-चार फेरे मारून सही करणाऱ्यानं आउटपुटच्या बेअरिंग जवळजवळ हलवलेल्याच नसतात. आउटपुटचा पूर्ण फेरा करून वर पाव फेरा जास्त द्यायचा, म्हणजे रोलर वेगळ्या जागी थांबतात. फिरवताना ठरावीक अंतरावर अडखळतंय असं हाताला जाणवलं तर बेअरिंगमध्ये गडबड आहे असंच समजायचं आणि उघडून बघायचं.

दुसरी गोष्ट नेमप्लेटची. नुसता मॉडेल नंबर जुळून भागत नाही. रेशो, आउटपुट शाफ्ट कुठल्या बाजूला, शाफ्टचा व्यास आणि की-वेचं माप, आणि माउंटिंग पोझिशन, कारण आडवा बसवायचा गिअरबॉक्स उभा बसवला तर तेलाची मात्रा आणि ब्रीदरची जागा बदलते. ७ वर्षांत लाइनमध्ये कुणी स्पीड वाढवायला रेशो बदलला असेल तर स्टोअरमधला स्पेअर त्या जागेचा राहिलेलाच नाही, आणि हे कळवायची पद्धत बहुतेक ठिकाणी नसते. कपलिंगचा अर्धा भाग योग्य बोअर करून त्याच्यासोबतच ठेवलाय का हेही बघा, नाहीतर गिअरबॉक्स तासाभरात बेसवर जातो आणि हब बोअर होऊन येईपर्यंत सगळे दिवसभर बसून राहतात.

स्टोअरचं गोदाम होऊ नये हे तुमचं म्हणणं मलाही मनापासून पटतं, फक्त काढायचा निकष वेगळा ठेवा. मशीन काढलं गेलं, जागा बदलल्यामुळं तो बसत नाही, स्टँडबाय आला, लीड टाइम खरोखर इशाऱ्यापेक्षा कमी झाला, किंवा तपासल्यावर तो दुरुस्तीच्याही पलीकडे गेलेला निघाला, यातलं एक जरी झालं तरी ३ वर्षं कशाला, ३ महिन्यांतच काढा. आणि रिपोर्टमध्ये लाल दिसतं याचाच त्रास असेल तर अकाउंट्सशी बोला. आयएएस १६ या आंतरराष्ट्रीय लेखा मानकाप्रमाणे स्थिर मालमत्तेच्या व्याख्येत बसणारे मोठे स्पेअर इन्व्हेंटरीत न दाखवता मालमत्तेत धरतात, त्यावर घसारा लागतो आणि ते नॉन-मूव्हिंगच्या यादीत येतच नाहीत.

आता एक करा. मेंटेनन्सच्या माणसाला सोबत घेऊन त्या गिअरबॉक्सची नेमप्लेट बसवलेल्याशी जुळवा, तसे प्लांटमध्ये किती आहेत ते मोजा, व्हेंडरकडून लीड टाइम लेखी घ्या, आणि इनपुट शाफ्ट हातानं फिरवून बघा. या चारही गोष्टी इथं कॉमेंटमध्ये टाकलेत तर वरच्या हिशोबात तुमच्या लाइनचे दिवस आणि नुकसान घालून आपण मिळून परत बघू, आणि उत्तर शून्य आलं तर तसंच लिहीन.