लाल पेन, नऊचा पाढा आणि माझं प्रवचन

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात सरांनी केबिनमध्ये बोलावलं तेव्हा मला वाटलं पगारवाढ. कसली पगारवाढ नि कसलं काय. सर म्हणाले, "ती नवीन चार आर्टिकल्स आलीयेत ना, सप्टेंबर सुरू व्हायच्या आत त्यांच्याशी जरा बोल. प्रेशर कसं घ्यायचं, बोलणी बसली की काय करायचं वगैरे. तुला जमेल, तू आर्टिकलशिपमध्ये खूप बोलणी खाल्लीयेस." एवढं कौतुक सरांनी आजवर कधी केलं नव्हतं.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आर्टिकलशिप म्हणजे सीए होण्याआधी एखाद्या सीएकडे घासायची वर्षं, माझ्या वेळी तीन होती आता दोन केलीत, आणि सप्टेंबर म्हणजे टॅक्स ऑडिटचा महिना, ३० तारखेच्या आत रिपोर्ट पोर्टलवर चढला पाहिजे. त्या रिपोर्टसोबत थ्रीसीडी नावाचा फॉर्म जातो, त्यात ४४ कलमं, आणि प्रत्येक कलमाखाली क्लायंटच्या वर्षभराच्या भानगडी लिहायच्या. पहिल्या वर्षाच्या पोरांना आम्ही यातलीच कलमं वाटून देतो, प्रसाद वाटल्यासारखी.

ऑफिसात मीटिंग रूम अशी नाहीये. जुन्या बॉक्स फाइली ठेवायची एक खोली आहे, तिथे खुर्च्या लावल्या. चार पोरं बसली, तीन वह्या उघडल्या, चौथ्याने वही नाही आणली पण चेहरा तसा केला. मी रात्री बसून एक भाषण तयार केलं होतं, त्याची सुरुवात "संयम" या शब्दाने होती, आणि पहिलंच वाक्य बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की हे पोरगं जांभई दाबतंय. मी कागद उलटा ठेवला आणि माझी पीएफची गोष्ट सांगितली. ती मी कुणाला सांगत नाही खरंतर.

माझं पहिलं वर्ष, भोसरीतला एक छोटा कारखाना, माझ्याकडे कलम २०(बी). कामगारांच्या पगारातून कापलेला पीएफ मालकाने कधी भरायला हवा होता आणि प्रत्यक्षात कधी भरला, त्या तारखांचा तक्ता. देय तारीख पुढच्या महिन्याची १५. बारा ओळी, दोन तारखा, यात चुकणार काय? मी चलनांची फाइल घेतली, चलनावरची तारीख बघितली, तक्त्यात टाकली, पुढचं चलन. ऑक्टोबरच्या चलनावर १४ नोव्हेंबर होती, म्हणजे वेळेत, मी टिक मारली आणि चहाला गेले. परत आले तर वर्किंग पेपरवर सरांनी लाल पेनाने लिहिलेलं, "ऑक्टो. – १४ कशावरून?"

मला राग आला. कशावरून म्हणजे काय, चलनावरून! मी निळ्या पेनाने बाजूला लिहिलं, "चलनावर १४ आहे", आणि खाली दोन रेघा ओढल्या म्हणजे विषय संपला असं त्यांना कळावं. अर्ध्या तासाने पेपर परत आला. "चलन म्हणजे पैसे नव्हेत. बँक स्टेटमेंट बघ."

मग मी वॉशरूममध्ये जाऊन रडले, दहा मिनिटं, मग बँक स्टेटमेंट बघितलं. पैसे १८ ला गेलेले. चलन १४ ला काढून ठेवलं होतं, खात्यात पैसे नव्हते म्हणून भरलं चार दिवसांनी. म्हणजे देय तारखेनंतर. कामगारांच्या वाट्याची ती रक्कम साधारण ४१ हजार, आणि ती उशिरा भरली तर मालकाला खर्च म्हणून वजावट मिळत नाही, उत्पन्नात धरली जाते. पूर्वी यावर कोर्टात बरीच खेचाखेची होती, २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती मिटवली. म्हणजे माझी ती सुंदर टिक तशीच गेली असती तर आम्ही ज्या रिपोर्टवर सही करणार त्यात चक्क चुकीची तारीख.

"तर मुलांनो," मी म्हणाले, (मी 'मुलांनो' म्हणाले, मला स्वतःलाच धक्का बसला) "त्या दोन लाल ओळीत माझ्याबद्दल काही होतं का? पेपरबद्दल होतं. ऑडिटच्या नियमातच आहे की काम कुणी केलं, कुणी तपासलं, कधी तपासलं हे कागदावर दिसलं पाहिजे. लाल पेन नाही चाललं तर सरांनी पेपर बघितलाच नाही असा अर्थ होतो. कोरा परत आलेला पेपर जास्त भीतीदायक असतो."

आणि मग ओघात मी माझा नियमही सांगून टाकला. लाल ओळ आली की तिच्यात तीन गोष्टी शोधायच्या, कुठलं कलम किंवा कुठला आकडा, काय दिसतंय, आणि काय हवंय. पहिल्या उत्तरात वाद घालायचा नाही, पुरावा लावायचा. तारखेला बँक स्टेटमेंट, खर्चाला बिल, आणि पुरावा नसेल तर "पुरावा मिळाला नाही, अमुकला मागितलाय, आज" असं लिहायचं. आणि ज्या बोलण्यात कलमही नाही, आकडाही नाही, फक्त "तुझं लक्ष कुठे असतं" एवढंच आहे ती क्वेरी नसते, ते सरांचं ब्लड प्रेशर असतं, त्याला उत्तर द्यायचं नाही, पाणी द्यायचं.

हे चांगलं झालं, हसली पोरं. मग मला चेव आला.

जांभईवाला म्हणाला, "पण ताई, प्रेशरचं काय? कालपासून बीआरएस जुळत नाहीये. मी सरांना सांगितलं झालंच म्हणून."

बीआरएस म्हणजे आपल्या नोंदी बँकेच्या स्टेटमेंटशी जुळवायचा तक्ता. पण "झालंच" हा शब्द ऐकून माझ्या पोटात गोळा आला. पहिल्या वर्षाचं सगळं प्रेशर या एका शब्दात असतं हो. काम फार नसतं, खरं सांगते, काम असतं बारा ओळींचं, पण अडकलेली गोष्ट संध्याकाळी सहाला सांगायची ती रात्री अकराला सांगितली जाते, तोपर्यंत क्लायंटचे अकाउंटंट काका घरी जाऊन झोपलेले असतात आणि मग अख्खं ऑफिस त्या बारा ओळींभोवती बसतं. म्हटलं, सरांना आत्ता मेसेज टाक. इतके चेक टॅली झाले, इतका फरक आहे, सात वाजेपर्यंत नाही सापडला तर ताईकडे देतो. "सॉरी" लिहू नकोस, सॉरी हा आकडा नाहीये.

"किती फरक आहे?"

"५,४००."

मी खुर्चीत मागे टेकून बसले, टीव्हीवरच्या ज्योतिषासारखी. म्हटलं, नऊने भाग. गेला, ६०० आले. फरक नऊने पूर्ण भागला गेला की पहिला संशय, शेजारचे दोन अंक एकमेकांच्या जागी बसलेत. आणि भागाकार ६०० आला म्हणजे हजार आणि शेकड्याचे अंक उलटे झालेत आणि त्या दोन अंकांत सहाचा फरक आहे. आठ आणि दोन, सात आणि एक, नऊ आणि तीन, असं काहीतरी शोध. पोराने लॅपटॉप उघडला, खाली खाली गेला, बँकेत टेम्पोवाल्याला ८,२६० गेलेले, आपल्या एंट्रीत २,८६०. ५,४०० बरोब्बर.

खोलीत एक शांतता पसरली. मला आत्ता कुणी शाल आणि नारळ दिला असता तरी मी घेतला असता. वर मी अजून एक सोडलं, की नऊने नाही जमलं तर फरकाचं अर्ध करा, ५,४०० चं २,७००, तेवढ्या रकमेची एंट्री शोधा, पेमेंट चुकून रिसीट म्हणून टाकलं असेल तर फरक दुप्पट दिसतो. "आणि चुका एकापेक्षा जास्त असतील तर यातलं काहीच चालत नाही," हे मी जरा हळू आवाजात सांगितलं.

समोसे आले. मी समाधानाने समोसा फोडला. तेवढ्यात चौघांतली ती बारीक चष्म्याची मुलगी, जी तासभर एक शब्द बोलली नव्हती फक्त लिहीत होती, तिने वहीचं पान फाडून माझ्यासमोर ठेवलं. व्यवस्थित रकाने आखलेले. अनुक्रमांक, मुद्दा, काय दिसतं, काय हवंय, उत्तर. उत्तराचा रकाना रिकामा, माझ्यासाठी. लाल पेनाने. हिला लाल पेन कुणी दिला?

१) "दहा मिनिटं रडले" – कालावधी कशावरून?

२) "४१ हजार साधारण" – नेमकी रक्कम?

३) फरक ५,४०० असताना अंक उलटे आणि अर्ध्याची एंट्री एवढंच तपासलं. ६०० चे चुकून ६,००० झाले तरी फरक ५,४०० च येतो आणि तोही नऊने जातो. हे तपासायला का सांगितलं नाही?

मी तिसरा मुद्दा दोनदा वाचला. ६,००० वजा ६००. च्यायला. इतकी वर्षं मी हा नऊचा पाढा नव्या पोरांना दाखवून भाव खातेय आणि जास्तीचं शून्य मला एकदाही आठवलं नाही! माझ्या तोंडातून जे पहिलं बाहेर पडलं ते असं, "अगं पण सापडला ना फरक?"

"हो ताई," ती अगदी नम्रपणे म्हणाली, "पण पहिल्या उत्तरात वाद घालायचा नाही म्हणालात."

बाकीचे तिघं समोशाकडे बघायला लागले, त्यात काहीतरी सापडल्यासारखे. मी पर्समधून निळं पेन काढलं. तिसऱ्या ओळीपुढे लिहिलं, "मान्य. राहून गेलं. पुढच्या बॅचपासून सांगते." दुसरीपुढे, "फाइल बघून उद्या." पहिलीपुढे बराच वेळ काही सुचेना, कारण घड्याळ मी तेव्हा बघितलंच नव्हतं, शेवटी लिहिलं, "पुरावा मिळाला नाही."

सही करून तारीख टाकली. तिने पान घेतलं, बघितलं, आणि म्हणाली, "ताई, हे कुठल्या बॉक्स फाइलला लावू?"